खळीने चिकटवलेले शब्द

अक्कांना मराठी आले नाही, असे त्यांच्या घरी आजही सांगतात. अक्कांचे डोके लिहिण्यावाचण्याचे नव्हते, मास्तरांनी जीव तोडून शिकवले पण काही उपयोग झाला नाही, असा तो किस्सा आहे. त्यातला मास्तर मी. किस्सा खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे त्या वेळी फक्त मला माहीत होते.

तिसाव्या सालानंतरची ती वर्षे. सोलापुरात मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवत होतो आणि संध्याकाळी मिशनच्या दवाखान्यातल्या एका गोऱ्या डॉक्टरीणबाईंना मराठी शिकवायला जात होतो. दवाखान्यात मला मुनशी म्हणत, गल्लीत मास्तर. राहायला तेलुगू विणकरांच्या वस्तीत होतो. चारी बाजूंनी मागांचा खटखटाट. पहिल्या महिन्यात झोप लागली नाही आणि नंतर शांततेत झोप येईनाशी झाली.

बाईंची शिकण्याची एक पद्धत होती. त्यांच्याकडे पाच कप्प्यांची लाकडी पेटी होती आणि कोऱ्या, एकसारख्या पांढऱ्या पत्त्यांचा गठ्ठा. पत्त्याच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि मराठीखाली तो शब्द वापरलेले एक वाक्य. नवा पत्ता पहिल्या कप्प्यात जायचा. तो कप्पा रोज काढायचा. उत्तर बरोबर आले की पत्ता दुसऱ्या कप्प्यात. तो एक दिवसाआड. तिथेही आले की तिसऱ्यात, तो आठवड्याने. चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. आणि कुठल्याही कप्प्यातला पत्ता चुकला की तो थेट पहिल्यात परत. त्यामुळे जे येते त्यावर वेळ जात नसे आणि जे विसरते ते रोज समोर येत असे. आठवायला थोडे जड जाऊ लागले असेल, पण अजून पुसले गेले नसेल, अशा वेळी शब्द समोर आला की तो घट्ट बसतो, असे बाईंचे म्हणणे होते.

वाक्याचे महत्त्व त्यांना फजितीतून कळले होते. आधी त्या नुसत्या शब्दांच्या जोड्या पाठ करत. त्यांना ‘श्वास’ येत होता, पण श्वासाबरोबर कोणते क्रियापद येते ते माहीत नव्हते. तपासणीच्या टेबलावरच्या बाईला त्या म्हणाल्या, “मोठा श्वास खा.” ती बाई म्हणाली, “खाते की, पण कशासंगं?” साऱ्या वॉर्डात हसू पसरले. त्या दिवसापासून एकही शब्द वाक्याशिवाय पेटीत गेला नाही. आणि वाक्य पुस्तकातले नको, स्वतःच्या दिवसातले हवे, हाही त्यांचा नियम होता. ‘श्वास’च्या पत्त्यावर त्यांनी लिहिले होते, “जिना चढल्यावर मुनशी जोरात श्वास घेतात.” मी भीड म्हणून एखादी चूक सोडून दिली की त्या बोट नाचवत, “खोटा दया नको, मुनशी! विसरले म्हणजे पहिला घर!”

अक्का माझ्या शेजारच्या खोलीत भावाकडे राहत. वय माझ्याएवढेच, तिशीच्या आत. नवरा लवकर गेला होता. भावाचे दोन माग होते, काठाच्या नक्षीचे काम. गल्लीतल्या बाळंतपणांना अक्कांना बोलावणे यायचे. त्यांचा हात चांगला आहे असे म्हणत. एकदा अडलेल्या एका बाईला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांचे काम पाहिले आणि मला म्हणाल्या, “या आमच्या सुइणींच्या वर्गाला पाहिजेत.” वर्ग दोन वर्षांचा, राहणे-जेवण दवाखान्यात, पुढे नोकरी. अट एकच. शिकवणे सगळे मराठीतून होते, म्हणून दिवाळीनंतर मराठीची एक परीक्षा द्यावी लागणार होती.

अक्कांना बाजारातले मराठी येत होते. रात्रीच्या शाळेत बाळबोध अक्षरेही शिकल्या होत्या. पण घरात सगळा व्यवहार तेलुगूत, माझ्यासमोर तेवढे मोडके मराठी, आणि दवाखान्याचे पुस्तकी मराठी त्यांना परक्या मुलखासारखे. भावाने माझ्यासमोरच त्यांना सांगितले, “लागलीस तर लाग. न्हाई लागलीस तर विड्या वळायला बसायचं. मग पुन्हा शाळेचं नाव काढायचं न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काय ओ मास्तर, हिचं डोस्कं चालंल का?”

“चालेल,” मी म्हणालो.

“लई ठाम बोलताय की.”

“माझ्याकडे पद्धत आहे.”

पद्धत होती, पत्ते नव्हते. बाईंसारखे जाड पांढरे पत्ते विकत घेण्याची ऐपत नव्हती. भावाने माळ्यावरून एक गाठोडे काढून दिले. त्यात जकार्डचे जुने पुठ्ठे होते. मागाच्या डोक्यावर हे पुठ्ठे दोरीने ओवून फिरवतात. प्रत्येक पुठ्ठ्याला भोके पाडलेली असतात आणि त्या भोकांप्रमाणे ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते ठरते. एक पुठ्ठा म्हणजे नक्षीची एक ओळ. त्या काठाला आता गिऱ्हाईक राहिले नव्हते. मी पुठ्ठे हाताच्या पंजाएवढे कापले आणि दोन्ही बाजूंना पांढरा कागद चिकटवला. चिकटवायला घरातलीच खळ, ताण्याला लावायची. वाळल्यावर सगळे पत्ते सारखे पांढरेशुभ्र दिसायला लागले. मला स्वतःचे फार कौतुक वाटले.

अक्का सांगत आणि मी त्यांचा तेलुगू शब्द बाळबोधीत लिहून घेत असे. ऊपिरि, मागे श्वास. वापु, मागे सूज. मावि, मागे वार, बाळामागून पडते ती. वाक्यांबाबत मात्र मी बाईंचा नियम मोडला. अक्का स्वतःची वाक्ये सांगत. सूज म्हणजे “कोपऱ्यावरच्या सुनेच्या पायांना सूज आली, चांदीचे वाळे कापावे लागले.” मला ते लांबलचक आणि गावंढळ वाटे. सुरुवातीची तेवढी त्यांची वाक्ये लिहिली. पुढे मी दवाखान्याच्या पुस्तकातली छोटी वाक्ये उतरवून काढू लागलो. लवकर व्हायचे.

एका खोक्याला पाच कप्पे पाडून मी पेटीही केली होती; पत्ते भराभर पुढच्या कप्प्यांत सरकू लागले. मी गठ्ठा पिसून देत असे, तरी अक्का अडत नसत. पत्ता हातात घ्यायचा, क्षणभर थांबायचे, शब्द सांगायचा, मग वाक्य. अक्कांच्या वहिनी चुलीपाशी बसून टोमणे मारत. “आमच्या घरात मडमीण आली गं बाई. भाकऱ्या आता कागदावरच थापायच्या.” अक्काही कमी नव्हत्या. “थाप की तू, वाक्य मी लिहिते.”

दवाखान्यात मी या प्रगतीचे वर्णन करत असे आणि बाई खूष होत. थंड हवेच्या ठिकाणी नव्याने आलेल्या गोऱ्या लोकांना मराठी शिकवण्याची एक शाळा होती. तिथे मुनशीची जागा रिकामी होणार होती. बाई म्हणाल्या, “दिवाळीच्या नंतर मी अक्कांची पेटी बघते. मग मी तिथे पत्र लिहिते, की या मुनशीला पद्धत समजते.” मला तिथे जायचे होते. म्युनिसिपालिटीच्या शाळेत आयुष्य काढायचे नव्हते. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्याच्यातूनच झाले.

दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळी अक्का सुताला रंग देत होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. पत्ते खराब होतील म्हणून मी म्हणालो, “तुम्ही काम करा, मी पत्ता धरतो.” मी पत्ता त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. तो चौथ्या कप्प्यातला होता. अक्कांनी तेलुगू शब्द वाचला, पण मराठी सांगता येईना. दुसरा धरला. तसेच. तिसरा आला. मग पुन्हा दोन गेले.

“थांबा, हात धुऊन येते,” असे म्हणून त्या आल्या, ओले हात पदराला पुसले आणि पत्ता घेतला. उजवा अंगठा पत्त्यावरून एकदा फिरला. “सूतिकाज्वर,” त्या म्हणाल्या. पुढचा घेतला, अंगठा फिरला. “रक्तस्राव. रक्तस्राव थांबविणे हे प्रथम कर्तव्य होय.” आणि हसल्या. “हातात घेतल्याबिगर येतच न्हाई की मला!”

मीही हसलो. त्या पाणी टाकायला गेल्या तेव्हा मी तो पत्ता हातात घेऊन स्वतःचा अंगठा फिरवला. कागदाखाली पुठ्ठ्याची भोके लागत होती. खळीने कागद भोकांत किंचित खाली ओढला गेला होता. डोळ्याला दिसत नव्हते, बोटाला कळत होते. प्रत्येक पत्त्याची भोके वेगळी. अक्का लहानपणापासून हे पुठ्ठे ओवत आलेल्या. एक पुठ्ठा मागेपुढे झाला तर नक्षी बिघडते, म्हणून ओवताना अंगठ्याने भोके तपासून क्रम लावायचा, हे काम घरात त्यांच्याकडे असे. त्यांच्या नकळत त्यांचा अंगठा पत्ता ओळखत होता. शब्द वाचून अर्थ आठवण्याची गरजच त्यांना पडत नव्हती. पत्ता कळला की त्याच्या मागचे सगळे तोंडात येत होते.

खात्री करायला मी दुसऱ्या दिवशी पाटीवर काही शब्द लिहिले. अक्कांना थोडेच आले. जे आले ते मी पाहिले. सूज आला, श्वास आला, वार आला. ज्यांची वाक्ये त्यांनी स्वतः सांगितली होती, तेवढे शब्द पुठ्ठ्यापासून सुटून त्यांचे झाले होते. माझी पुस्तकातली वाक्ये ज्यांच्याखाली होती ते शब्द पाटीवर त्यांना अनोळखी होते.

“आज काय झालंय मला?” अक्का म्हणाल्या.

उत्तर मला माहीत होते. उपायही माहीत होता. साध्या कागदाच्या चिठ्ठ्या करायच्या, वाक्ये अक्कांची घालायची, पत्ता मी धरायचा आणि सगळे शब्द पहिल्या कप्प्यापासून पुन्हा सुरू करायचे. दिवाळीनंतरच्या परीक्षेला ते सगळे पुरे झाले नसते, पण बरेच झाले असते. आणि तेवढ्यात बाई पेटी बघायला आल्या असत्या तर त्यांना भरलेला पहिला कप्पा आणि रिकामा पाचवा दिसला असता.

“दमला असाल,” मी म्हणालो. पाटी पुसली आणि पत्ते त्यांच्या हातात दिले.

अंगठ्यातून का होईना, शब्द आत गेले आहेत, वेळ आली की बाहेर येतील, असे मी मनाला सांगत राहिलो. मी शिक्षक होतो. असे होत नाही हे मला कळत होते.

बाई आल्या, पेटी पाहिली, अक्कांच्या हातात चार-दोन पत्ते देऊन विचारले. अक्का धडाधड बोलल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या. भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, “मास्तर, आता मला बी शिकवा ओ, पेढीवर तरी बसतो.” त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना भजी खाऊ घातली.

परीक्षा दवाखान्याच्या लांब खोलीत होती. मी शुद्धलेखन घालायला होतो. एक उतारा वाचून अर्थ सांगायचा आणि कागदावर लिहिलेल्या शब्दांची वाक्ये करायची. अक्का नवे लुगडे नेसून आल्या होत्या. त्यांनी कागद समोर घेतला. इतर बाया लिहायला लागल्या. अक्कांनी कागदावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. कागद गुळगुळीत होता. त्यांनी वर माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होते, जसे काही घराचे दार उघडले आणि आत घरच नाही. मी पुढचे वाक्य सांगायला सुरुवात केली.

त्यांनी सूज लिहिला, श्वास लिहिला, वार लिहिला. बाकी कागद कोरा.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरीणबाई आणि मोठ्या नर्सबाई कागद बघत होत्या. बाईंना समजेना. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “माझ्यासमोर त्या सगळे बोलल्या. घाबरल्या का? जर तुम्ही म्हणता की त्या शिकतील, तर मी जागा पावसाळ्यापर्यंत ठेवते. मुनशी, तुम्ही सांगा.”

इतके सोपे करून त्यांनी विचारले होते. ‘चूक माझी आहे’ एवढेच म्हणायचे होते. फार तर बाई रागावल्या असत्या. कदाचित पत्रही लिहिले असते. चूक कबूल केलेली त्यांना आवडायची. मी म्हणालो, “पाठांतर उत्तम आहे. पण ग्रहणशक्ती कमी पडते.”

नर्सबाईंनी मान डोलावली. जागा दुसऱ्या बाईला गेली.

अक्का पायरीवर बसल्या होत्या. घरी परतताना पेठेच्या कोपऱ्यापर्यंत त्या माझ्यापुढे चालत राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, तुमचा किती येळ खाल्ला ओ मी. डोक्यात ऱ्हातच न्हाई माझ्या. हातात असतं तवर असतं.”

“असू द्या,” मी म्हणालो. त्यांना धीर देतो आहे असा माझा स्वर होता.

महिनाभरात मला डोंगरावरची नोकरी मिळाली. तिथे मी चांगला मुनशी म्हणून नावाजलो. माझा एक नियम होता, पत्ता शिकणाऱ्याच्या हातात द्यायचा नाही, मी धरायचा. आणि वाक्य त्यानेच करायचे. नवे पाद्री आणि मडमा विचारत, असे का? मी म्हणे, अनुभव. एवढ्या वर्षांत शेकडो लोकांच्या तोंडी मी शब्द घट्ट बसवले असतील, आणि प्रत्येक वेळी पत्ता धरताना मला लाल रंगाने माखलेले हात दिसले आहेत. त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

लढाई सुरू होण्याच्या आदल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी सोलापूरला आलो. गल्लीत गेलो. अक्का उंबऱ्याच्या आत मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. शेजारी भावाच्या दोघी मुली, थोरली नऊ-दहा वर्षांची, त्याही वळत होत्या. सकाळची शाळेची वेळ होती. भावाने उठून स्वागत केले, वहिनींनी चहा ठेवला.

“मुलींना शाळेत नाही घातले?” मी विचारले.

“कशाला ओ मास्तर?” भाऊ हसला. “आमच्या घरात बायकांच्या डोस्क्यात ते उतरत न्हाई. तुमच्यासारखा मास्तर, तुमची ती पेटी, एवढं करून अक्काला आलं न्हाई, तर ह्यांना काय येतंय? नशिबात एकाला तरी डोस्कं पायजे हुतं.”

थोरली म्हणाली, “मी जाती म्हनलं हुतं. पोरी बोर्डावरचं वाचत्यात.”

अक्कांनी मान वर न करता म्हटले, “नगं गं बाई. लई वाईट वाटतंय मागून. मला इचार.”

माझ्या हातात चहाची बशी होती. सांगायचे सगळे तिथेच होते, ऐकणारे सगळे तिथेच होते. मी चहा प्यालो, मुलींच्या हातावर खाऊला काही ठेवले आणि निघालो. भाऊ कोपऱ्यापर्यंत पोचवायला आला आणि पुन्हा म्हणाला, “तुमी लई कष्ट घेतलेत ओ.”

अक्का गेल्याचे मला फार उशिरा कळले. भाऊही गेला. गेल्या वर्षी, काठी टेकीत, मी त्या थोरल्या मुलीचे घर शोधून काढले. ती आता आजी झाली आहे. तिला मी सगळे सांगितले, पुठ्ठे, भोके, अंगठा, पाटी, व्हरांडा. तुझ्या आत्याची बुद्धी उत्तम होती, मी वाईट पत्ते केले, ते मला कळले, आणि मी खोटे बोललो, असे शब्द वापरून सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले. विड्यांची जुडी बांधायची तेवढी थांबली होती.

“असू दे की आजोबा,” ती म्हणाली. “आता काय त्येचं. आत्या तर गेली. आन माझं काय, माझं आता समदं झालंच की.”

मी उठायला लागलो तशी ती म्हणाली, “आलाच हाय तर एवढं बघता का? नातू कामावरनं यायला रात हुती.” तिने कोनाड्यातून एक लग्नपत्रिका काढून दिली. तिच्याच बहिणीच्या नातीचे लग्न होते. मी चष्मा लावून वार, वेळ आणि मंगल कार्यालय कुठल्या रस्त्याला आहे ते वाचून दाखवले. तिने ते एकदा माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले आणि मग, मी चपला घालेपर्यंत, विसरू नये म्हणून स्वतःशी पुटपुटत राहिली.